तपासणी कोण करणार

पेन्सिल दोन्ही टोकांनी तासायची. कागद आधी शेवटच्या पानापासून वाचायचा, मग पहिल्यापासून. चहा गार झाल्याशिवाय प्यायचा नाही. कोणी 'अर्जंट आहे' म्हटलं की चष्मा काढून पुसायला घ्यायचा. आणि पाच वाजले की, ओळ कुठेही असो, पेन्सिल खाली. शब्द अर्धा राहिला तरी तो उद्याचा.

काकांच्या या सवयी ऑफिसात सगळ्यांना पाठ होत्या. त्यांना समोर काका म्हणत, पाठीमागे पेन्सिलकाका. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. काकांचं काम बाहेर जाणारा प्रत्येक कागद वाचून खाली 'भाषा शुद्ध' लिहिणं आणि सही करणं. लिफ्टमध्ये ते कधी बसत नसत. तीन मजले जिन्याने चढत. "दोर कोणी तपासलाय, मला माहीत आहे," एवढंच कारण सांगत.

त्यांचा एक नियम होता. चुकीच्या जागी ते फक्त ठिपका द्यायचे. दुरुस्ती लिहिणाऱ्याने करायची. "दुसऱ्याच्या वाक्यात हात घालू नये. आपलं वाक्य आपणच निस्तरावं."

ती नवीन होती. साहित्यात एम.ए. झालेली आणि प्रस्ताव लिहायच्या नोकरीला लागलेली. तिचं टेबल काकांच्या समोर. काका आणि ती डबा एकत्र खात, दिवसातून तीनदा भांडत, आणि एकजण रजेवर असला की दुसऱ्याला करमत नसे.

त्या महिन्यात काकांची साठी भरत होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. घरी काकू होत्या, आणि काकूंच्या मते काकांनी दिवसभर घरात असणं दोघांच्याही तब्येतीला झेपणारं नव्हतं. साहेब म्हणाले होते, "आधी हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम मिळू दे. मग तुमच्या कागदावर सही करतो."

हॉस्पिटलचा प्रस्ताव तिने लिहिला. बावीस पानं. चारच्या आत पोचवायचा होता. अडीच वाजता काकांनी तो परत केला. अकराव्या पानावर ठिपका होता.

ओळ अशी होती: 'लिफ्टची दरमहा तपासणी करून आपणास प्रमाणपत्र मिळेल.'

"काय झालं हिला?" तिने विचारलं.

"अशुद्ध आहे."

"कुठे? ऱ्हस्व-दीर्घ बघा, विभक्ती बघा. सगळं जागेवर आहे."

"माणूस जागेवर नाही. 'करून' म्हटलं की करणारा लागतो. जो 'करून', तोच पुढच्या क्रियापदाचा धनी. 'तो जेवून झोपला.' जेवला तोच, झोपला तोच. आता तुझं बघ. काय मिळेल?"

"प्रमाणपत्र."

"म्हणजे कर्ता प्रमाणपत्र. मग तपासणीही त्यानेच केली. प्रमाणपत्र लिफ्टवर चढणार, दोर बघणार, ब्रेक दाबून बघणार आणि स्वतःवर शिक्का मारून खाली येणार!"

शेजारच्या टेबलावर हिशेबनीस हसला. ती चिडली.

"'झाड पडून रस्ता बंद झाला.' पडलं झाड, बंद झाला रस्ता. दोन कर्ते. हेही अशुद्ध का?"

"नाही. तिथे पडणारं झाड वाक्यात आडवं पडलेलं दिसतंय. तुझा तपासणारा दाखव."

तिने पेनचं टोपण चावलं. काकांनी चष्मा पुसला. मग तिचा चेहरा उजळला.

"बरं, हे घ्या. 'पत्र वाचून त्याला रडू आलं.' शुद्ध की अशुद्ध?"

"शुद्ध."

"आलं काय? रडू. मग पत्र रडूने वाचलं का काका?"

वहीच्या मागच्या पानावर काकांनी वाक्य लिहिलं, खाली रेघ मारली, वर बाण काढला.

"वाचलं त्याने," ती पुढे म्हणाली. "'त्याला' म्हणजे कर्ता नाही, पण अनुभव त्याचा. आनंद होतो, राग येतो, बक्षीस मिळतं, तिथे सगळीकडे असंच. 'धावून मला दम लागला.' धावले मी. दम नाही धावला!"

"खरं आहे." काका हळूच म्हणाले. पाच मिनिटं त्यांनी आणखी तीन वाक्यं करून बघितली. तिन्ही तिच्या बाजूने निघाली. "हरलो बाई. 'ला' वाला माणूसही 'करून'चा धनी होऊ शकतो. वाक्य शुद्ध आहे."

ती खुर्चीतून उठलीच. "हिशेबनीस साहेब, साक्षीदार तुम्ही! काका हरले!"

काकांनी ठिपका खोडरबराने पुसला. 'भाषा शुद्ध' लिहिलं. सही केली. मग म्हणाले, "आता तुझ्याच नियमाने वाच. धावली कोण? जिला दम लागला ती. मग तपासणी कोण करणार?"

तिने वाचलं. आपणास. म्हणजे हॉस्पिटल.

तपासणी हॉस्पिटलने करायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं, असा तो चोख, निर्दोष अर्थ होता.

"मघाशी अशुद्ध होतं तेव्हा निदान तो भलता अर्थ कोणी खरा धरला नसता," काका म्हणाले. "आता 'आम्ही' घाल, 'देऊ' कर. पान बदल."

घड्याळात तीन वाजून गेले होते. तीन प्रती बांधून तयार होत्या. आणि ती जिंकली होती. जिंकलेलं वाक्य लगेच बदलायचं तिच्या जिवावर आलं.

"जाऊ द्या हो काका. इतकं बारीक कोण वाचतंय? लिफ्ट आपण तपासणार, हे शेंबडं पोरही सांगेल."

"अर्थ लिहिणाऱ्याचा. मी शुद्धतेची सही करतो." त्यांनी गार चहा प्यायला घेतला.

प्रस्ताव गेला.

आठ दिवसांनी परत आला. हॉस्पिटलात बारीक वाचणारं कोणीतरी निघालं. अकराव्या पानावर लाल रेघ, बाजूला लिहिलेलं: 'तपासणी आम्हीच करायची असल्यास आपली आवश्यकता काय? सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा.'

साहेबांनी काकांना आत बोलावलं. "सही तुमची?"

"माझी."

"मग हे वाक्य?"

"शुद्ध आहे," काका म्हणाले. वाक्य कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग ती आत गेली. वाक्य माझं, काकांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहिणाऱ्याकडून चुका व्हायच्याच," ते म्हणाले. "म्हणून तर सही घेतो."

तिला काही झालं नाही. पुढच्या महिन्यापासून नोकरी कायम झाल्याचं पत्रही तिला मिळालं. काकांचा अर्ज 'तूर्त विचार नाही' असा शेरा घेऊन परत आला. काकांनी तो शेवटून वाचला, मग सुरुवातीपासून. "भाषा शुद्ध आहे," म्हणाले.

त्यांचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यात, शुक्रवारी होता. जाता जाता खुलासा तेवढा लिहून द्या, असं साहेबांनी सांगितलं. बावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या काकांना कंपनीच्या कागदावर पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य लिहायला मिळालं. दिवसभर ते लिहीत होते, खोडत होते. मध्ये निरोपाचा गुच्छ आला. भाषणात साहेब 'काकांमुळे कंपनीची भाषा सुधारली' म्हणाले. वाक्य बरोबर होतं.

पाच वाजले. काकांनी पेन्सिल खाली ठेवली, डबा घेतला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जिन्याने उतरले.

शनिवारी ती लवकर आली. काकांच्या टेबलावर एकच कागद होता, त्यावर तासलेली पेन्सिल. चार ओळी खोडलेल्या. पाचवी स्वच्छ अक्षरात:

'लिफ्टची दरमहा तपासणी आम्ही करू व तपासणी करून आम्हीच आपणास प्रमाणपत्र'

बस्स. क्रियापद राहिलं होतं. एक शब्द. कुठला, ते तिला माहीत होतं. साहेब केबिनमधून दोनदा ओरडले, खुलासा झाला का? तिने पेन्सिल उचलली. दुसऱ्याच्या वाक्यात हात घालू नये. तिने पेन्सिल होती तशी कागदावर आडवी ठेवली आणि बसून राहिली.