धैर्यशीलने वाचवलेले तीन गोल

स्पर्धेत अकरा गोल खाल्ल्यामुळे गोलरक्षक धैर्यशीलला काढायचं कुंडलच्या फुटबॉल मंडळाने ठरवलं. सामन्यांचे व्हिडिओ बघून आकडेमोड करणाऱ्या ब्राह्मीने अध्यक्ष लालासाहेबांना अडवलं.

"आवं काका, गोलावर आलेला प्रत्येक फटका किती जोरात, कुठल्या कोपऱ्यात होता, ते मोजलंय. त्याच फटक्यांवर साधारण गोलरक्षकाने चौदा गोल खाल्ले असते. यानं तीन वाचवले."

लालासाहेबांनी लगेच धैर्यशीलला हार घातला.

बचाव फळीतला जिनेश उठला. "आमी समोरची माणसं मोकळी सोडली, म्हणून तर असले फटके आले! आमचा हार?"

लालासाहेबांना पटलं. "खरं हाय. पुढच्या वर्षी आणखी मोकळी सोडा रं. पोराचा आकडा वाढू दे."

"पण ते फटके अडवायचे बी मलाच न्हवं?" हार काढत धैर्यशील म्हणाला. "त्यापेक्षा मला काढाच."