रेशमी कापड आणि घट्ट अंबाडा

आमच्या ताईच्या हाताला यश होतं, हे तिचे शत्रूही कबूल करतील. पार्लरमध्ये बायका तिच्यापुढे डोकं टेकून पेंगायच्या. मी मागच्या खोलीत मशीनवर, ब्लाउज शिवून उरलेल्या सॅटिनच्या तुकड्यांतून केस बांधायच्या चुणीदार स्क्रंची, झोपताना घालायच्या टोप्या, उशांचे अभ्रे शिवायची. कौतुक मात्र सगळं तिचं! चालायचंच.

ती गिऱ्हाइकांना सांगायची, सुती सोडा, सॅटिन वापरा, आणि तेव्हाचं तिचं बोलणं खरंही होतं. सुती अभ्र्यावर लांब, कुरळे केस घासतात, मधेच तुटतात. गुळगुळीत कापडावर घर्षण कमी, गुंताही कमी. पण पुढे तिची जीभ सुटली. रेशमाने केस वाढतात, गळती थांबते, कायकाय. मी म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. ती हसायची.

तिची एकुलती एक लेक हॉटेलच्या स्वागतकक्षात लागली. तिथे चापूनचोपून अंबाडा लागायचा. ताई रोज सकाळी स्वतः तो बांधायची आणि वर माझी स्क्रंची. पोरगी म्हणायची, डोकं दुखतंय, सैल कर. ताई म्हणायची, सॅटिन आहे गं, याने काही होत नाही. कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या, तर तिने तेल बदललं.

मग कानशिलांवरचे केस विरळ झाले. तुटलेल्या केसाला मुळाशी पांढरा ठिपका नसतो, उपटलेल्याला असू शकतो, हे ताईनेच मला शिकवलं होतं. पोरीच्या कंगव्यात ठिपकेवाले केस दिसले, मी दाखवले. ती माझ्यावरच खेकसली आणि अस्सल रेशमाचा अभ्रा मागवला. मीही गप्प बसले. माझंच कापड होतं ना. त्याची लाज मला अजून वाटते.

अशी चार वर्षं गेली. शेवटी पोरीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्या शांतपणे बोलल्या. गुळगुळीत कापडाने घासणं कमी होतं, तुटणंही कमी होऊ शकतं, पण त्यावर मोठे अभ्यास फारसे नाहीत. रेशीम साध्या सॅटिनपेक्षा सरस, असाही पक्का पुरावा नाही. आणि ताण मुळावर पडतो, बांधायचं कापड कसलंही असो. लवकर सैल केलं असतं तर केस परत आले असते. आता तिथली मुळं मेली आहेत.

ताईने पार्लरमधला 'रेशमाने केस वाढतात' असा बोर्ड उतरवला. आता गिऱ्हाइकाला आधी विचारते, केस किती घट्ट बांधता? पोरीशी मात्र जेवणापुरतंच बोलणं उरलं.

एका दुपारी पोरगी पार्लरमध्ये येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "सगळे बारीक काप."

ताई मागे उभी राहिली. तिने केसांना हात लावला मात्र, पोरीने मान आखडून घेतली.

"तू नको," ती म्हणाली. "मावशीला सांग."

मला केस कापायचं काय कळतंय! तरी कापले, वाकडेतिकडे. ताई माझ्यामागे केर भरायचं सूप धरून उभी होती. एकदाही म्हणाली नाही, की चुकतेस.