नातीच्या अर्जातली अडाणी आजी

माझ्या नातीला परदेशी पाठवायची सगळ्यात जास्त घाई कोणाला होती, तर मला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की म्हातारी पहिल्यापासूनच शहाणी होती.

नात इलेक्ट्रिकलची इंजिनीअर झाली आणि मी तापीकाठच्या आमच्या गावात सांगत सुटले, पोरगी जर्मनीला चालली. अजून अर्जसुद्धा गेला नव्हता. धानोऱ्याच्या माझ्या नणंदेने तर तिच्यासाठी ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या, तिकडे थंडीत तळून खाईल म्हणून.

मुलगा माझा नंदुरबारला नोकरीला, रोज गावाहून जाऊन-येऊन करतो. त्याने नाशिकचा एक सल्लागार गाठला होता. परदेशी कॉलेजांचे अर्ज भरून देणं हाच त्याचा धंदा. नातीने इंग्रजीची परीक्षा दिली, मार्क चांगले पडले. अर्ज डिसेंबरात जाणार, वर्ग पुढच्या वर्षी सुरू होणार. सगळं सरळ चाललं होतं. तेवढ्यात दिवाळीत तिला नोकरीचं पत्र आलं. कॉलेजातच मुलाखत घेऊन गेलेली कंपनी, ती इतके महिने गप्प होती आणि आता बोलावत होती. गुजरातमध्ये सोलर प्रकल्पाच्या सबस्टेशनवर, शिकाऊ इंजिनीअर म्हणून.

नात म्हणाली, "पप्पा, दोन वर्षं नोकरी करते, मग जाते."

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. "एकदा पगाराची सवय लागली की कोणी परत पुस्तक उघडत नाही. इंग्रजीचे मार्क दोन वर्षंच चालतात, परत परीक्षा द्यावी लागेल. व्हिसाचे नियम आज आहेत ते उद्या नसतील. आणि दोन वर्षांनी स्थळं यायला लागली की तूच म्हणशील, जाऊ दे."

यातलं एकही खोटं नव्हतं. मीसुद्धा त्याच्याच बाजूने बोलले. म्हटलं, "एवढं शिकीसन उनमा सोलरन्या काचा पुसाले जाशी का व माय?"

 ती मान खाली घालून आत गेली.

चार दिवसांनी सल्लागाराकडून एक कागद आला. अर्जाबरोबर एक पत्र द्यावं लागतं म्हणे, मी कोण, मला हेच का शिकायचं, तुमच्याकडेच का. ते पोरीने स्वतः लिहायचं असतं. त्याने तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला आणि पत्र स्वतःच्या ऑफिसात लिहून पाठवलं. मुलगा खूश. "काय इंग्रजी आहे बघ," म्हणाला. मी ओसरीवर तूर निवडत होते. नातीला हाक मारली, "त्या कागदमा काय लिखेल शे, वाच बरं. आपली बोलीमा सांग."

ती टाळत होती. मी सोडते का!

तर पत्रात असं होतं, की ही मुलगी सातपुड्याच्या दुर्गम डोंगरात वाढली. घरात वीज नव्हती. कंदिलाखाली अभ्यास केला. तिची अडाणी आजी कोसभर लांबून डोक्यावर पाणी आणायची, आणि त्या आजीचे कष्ट बघून हिने लहानपणीच ठरवलं की आपण वीज शिकायची.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मला शाळा मिळाली नाही, हे खरं. पण मुलगा पहिलीला गेला तेव्हा त्याच्या पाटीवर मी बाराखडी गिरवली. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, लिहायला शिकले, आणि हा कोण नाशिकचा मला अडाणी करणार? घरात फ्रीज, इन्व्हर्टर, पोरगी पंख्याखाली झोपून शिकलेली. सातपुड्यातलं तोरणमाळ तिने पाहिलं ते कॉलेजच्या सहलीत!

"लाव त्याले फोन," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, "माय, राहू दे. सगळेच असं लिहितात."

"लाव म्हंते ना."

सल्लागार गोड बोलायचा. "आजी, तिकडच्या लोकांना स्टोरी लागते हो. संघर्ष लागतो."

"मंग मन्हा खरा संघर्ष लिख ना. मी कशी शिकनू ते लिख."

"आजी, अर्ज तुमचा नाहीये पण."

"अस्सं! मग पाणी कशाला माझ्या डोक्यावर दिलं?"

 इकडे नात तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी म्हटलं, "भाऊ, डोंगरातली पोरं खरंच मैलोन्‌मैल चालत शाळेत जातात. ती त्यांची कमाई आहे. माझ्या नातीने ती चोरायची नाही. हा कागद माझ्या घरातून जाणार नाही."

फोन ठेवला. मुलगा तापला होता. "मग काय लिहायचं? तूच सांग!"

"खरं ते लिखा," मी म्हटलं. मला वाटलं, यात काय अवघड?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर नात लिहायला बसली. दिवेलागणीपर्यंत बसली. अर्धं पान झालं होतं. माझ्याशेजारी येऊन म्हणाली, "आजी, खरं लिहायला माझ्याकडे काही नाही गं."

"का बरं? चार वर्षं काय केलं?"

"परीक्षा दिल्या. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघींनी दुकानातून तयार आणला होता. सगळे तसाच आणतात. तिथले सर विचारतील, कोणता विषय घ्यायचा, तर मला माहीतच नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर मी हात लावून पाहिलेला नाही." मग ती बापाकडे वळली. तो दारातच उभा होता. "पप्पा, मला जायचं नाही असं मी कधी म्हटलं? मला काय शिकायचं ते तरी कळू दे. इंग्रजीची परीक्षा मी परत देईन."

"आणि सवय लागली पगाराची तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते खरं. पण हे पत्र घेऊन मी जाणार नाही."

बाईसाहेबांनी बापाच्या डोळ्यात बघून सांगितलं. माझ्या उभ्या जन्मात मी माझ्या बापाला असं सांगितलं नव्हतं. मी उठून तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मुलगा म्हणाला, "माय, तू तर परवा काचा पुसायच्या म्हणत होतीस."

"म्हटलं होतं. चुकलं माझं."

तो महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. पोरगी मात्र नोकरीवर गेली. विसरवाडीच्या फाट्यावर तिला सुरतेच्या गाडीत बसवायला तोच गेला, आणि परत येऊन जेवला नाही.

आता तिला आठ महिने झाले. उन्हाने काळी पडली आहे. साइटवर एकटीच मुलगी, पहिले दोन महिने तिला नुसत्या नोंदी करायला बसवलं. ती भांडली, तेव्हा यार्डात, ट्रान्सफॉर्मरपाशी, काम मिळालं. फोनवर सांगते की तिथे बिघाड झाला की ठरावीक भाग आपोआप बंद पडला पाहिजे, आणि कधीकधी भलताच भाग बंद पडतो. तो का पडतो, याच्या मागे ती लागली आहे. "आजी, आधी मी कॉलेजचा नंबर कितवा ते बघायचे. आता तिथे कोणते विषय शिकवतात ते वाचते."

जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पगार तिला आवडतो, हेही ती लपवत नाही. मुलाची भीती खरी ठरली तर ठरो. ते ती बघेल.

पण मुलगा अजून लोकांना सांगतो, व्हिसाचं काम चालू आहे. परवा एका लग्नात पंगतीत बसलो होतो. समोरच्या विहीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, तुमची जर्मनीवाली आठेच शे का अजून?"

मुलाने ताटात मान घातली. मी म्हटलं, "आठे नही, गुजरातमा शे. नोकरी करी ऱ्हायनी. ट्रान्सफॉर्मर तपासस ती."

"म्हणजे नंबर लागला नाही?"

"अर्जच केला नाही," मी म्हटलं. "तिने ठरवलं, आधी काम शिकायचं. आणि वाढप्याला हाक मारा, माझ्या पानात वरण नाही."