भावोजींच्या कागदावरचं धुणं

आमचे भावोजी विजेचे मीटर वाचत घरोघर हिंडतात. आकडा दिसला की स्वारी खूश! आणि आमची ताई नर्स. सहा दिवस दवाखान्यात, सातव्या दिवशी मोरीत. बावीस वर्षं तिची सुट्टी धुण्यातच गेली. मनगट सुजलं तेव्हा मात्र माझा पारा चढला.

"महिन्याची लाँड्री लावा," मी म्हटलं. "अकराशेत धुऊन, वाळवून, घड्या घालून घरपोच देतात."

"अकराशे?" भावोजी ताडकन उठले. "हिशेब केल्याशिवाय नाही हं!"

मग काय, हिशेबासाठी महिन्याच्या भाड्यानं वॉशिंग मशीन घरात आलं. पहिल्याच दिवशी पठ्ठ्यानं मीटर नीट वाचता यावा म्हणून घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रिजचंही! ते पुन्हा चालू करायचं राहिलं आणि दोन लिटर दूध नासलं. मशीनमधून निघणारं पाणी त्यांनी बादल्यांनी मोजलं, पंधरा लिटरच्या सहा भरल्या. वीज पाव युनिट. पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, पन्नास ग्रॅम.

"महिन्याला बारा खेपा," त्यांनी कागद फडकावला. "पाणी, वीज, पावडर मिळून दीडशेच्या आत. मशीन विकत घेतलं आणि किंमत दहा वर्षांत वाटली तर महिना दीडशे, दुरुस्तीला पन्नास. साडेतीनशेत काम तमाम! लाँड्रीपेक्षा साडेसातशे वाचले!"

ताईनं कागद शांतपणे वाचला. "बरोबर आहे. मग ते साडेसातशे तुम्हीच मिळवा. हा महिना धुणं तुमच्याकडे."

"त्यात काय एवढं? बटणच तर दाबायचंय!"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पहिल्या आठवड्यात भावोजींनी खिशातली डायरी धुतली. दुसऱ्या आठवड्यात ताईच्या पांढऱ्या गणवेशाबरोबर लाल टॉवेल टाकला. ताई गुलाबी होऊन दवाखान्यात गेली म्हणून पेशंटसुद्धा हसले. कॉलर आधी घासा, मोजे उलटे करा, ओझं गच्चीवर न्या, पाऊस आला की धावा, मग घड्या. भावोजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर भारी मजा येत होती.

महिना संपला. सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई अजून झोपलेली. भावोजी कागद घेऊन माझ्यासमोर बसले. खाली एक नवी ओळ होती: माणूस, खेपेला दोन तास, बारा खेपांचे चोवीस.

"मशीन परत करतोय," ते म्हणाले. "लाँड्रीवाल्याशी बोललो, उद्यापासून सुरू."

"अहो, पण साडेसातशे?"

त्यांनी ऐकलंच नाही. चोवीसवर बोट ठेवून बसले होते. "हे तर मशीन असताना," ते हळूच म्हणाले. "ती हातानं धुवायची गं. बावीस वर्षांत मी हे एकदाही हिशेबात धरलं नव्हतं."

मला चिडवायचं होतं, पण मी म्हटलं, "चहा टाकते." आतून ताईचं घोरणं ऐकू येत होतं. भावोजींनी उठून दार हलकेच लोटलं आणि मला म्हणाले, "हळू बोल. झोपू दे तिला."