चार नंबर गेला, चहा आठवर आला

आर्वीच्या एसटी डेपोसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडणूक, नामकरण असं सगळं एकाच मशीनमधून बाहेर पडतं. माझा एक दुर्गुण गावभर माहीत आहे. दोन ओळींतलं अंतर कमीजास्त झालं की मला जेवण जात नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी माझं लक्ष समोरच्या बॅनरवर असतं आणि नवरा शेजारून कोपर मारतो. गिऱ्हाइकांना त्याचं काही नसतं. त्यांना फक्त फोटो गोरा पाहिजे असतो.

माझ्या दुकानाला लागून नाश्त्याचं हॉटेल आहे, सासू-सुनेचं. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन कढया, चार बाक आणि भिंतीवर पदार्थांची पाटी. पाटीवर पदार्थांना नंबर होते आणि लोक नंबरनेच मागवत. डेपोतून गाडी निघत असते, इंजिन घरघरत असतं, कंडक्टर घंटी मारत असतो. त्या गोंगाटात “तर्री पोहे, रस्सा जरा जास्त” कोण ऐकणार? म्हणून रस्त्यावरूनच आवाज यायचा, “मावशी, एक अन् तीन!” एक म्हणजे तर्री पोहे, तीन म्हणजे आलूबोंडा. दोन नंबर म्हणजे समोसा, आणि “दोन नंबरचा माल कसा आहे?” हा विनोद रोज कोणीतरी नव्यानं केल्यासारखा करायचा. शेवटचा, नऊ नंबर, चहा होता. पुढेपुढे डेपोत चहाला चहा म्हणणंच बंद झालं. ड्रायव्हर लोक एकमेकांना म्हणत, “चाल, नऊ घेऊ.” माझ्या दुकानात आलेल्या माणसालाही मीच विचारते, नऊ सांगू का?

चार नंबर होती सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तिचं सारण पारीत भरून, घडी घालून तळायचं. ऐकायला सोपं आहे, पण पारी जरा जाड झाली की आतून कच्ची राहते आणि पातळ झाली की तेलात उघडते. ती वडी फक्त सासूची. सुनेनं पुष्कळदा करून पाहिली, दर वेळी कढईत कोथिंबीर पोहायला लागली.

मग सासू अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण लाटणं काही धरवेना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, लाटणं आणि कढई दोन्ही बंद. लेकीनं तिला आपल्या घरी, आंजीला नेऊन ठेवलं. इकडे गिऱ्हाइकं रोज चार नंबर मागायची आणि सून रोज नाही म्हणायची.

एका दुपारी सून माझ्याकडे आली. हात पिठाचे, पेन ड्राइव्ह पदराला पुसत.

“ताई, आमची पाटी नवी करून द्या. चार नंबर काढून टाका.”

“काऊन? मावशी येतील ना परत.”

“येतात म्हूनच काढून राह्यली. पाटीवर वडी दिसली का त्या पयल्या दिवशीच लाटणं घेऊन बसतात. मले ओरडता येत नाई त्यायच्यावर.”

मी म्हटलं, मग वर कागद चिकटवून टाक. ती म्हणाली, “कागद त्या फाडून टाकतात. वडी कुठी होती ते कोनाले दिसलंच नाई पायजे.”

तिच्या आवाजात कपट नव्हतं, काळजीच होती. माझ्या लक्षात आलं की हिला नुसती पाटी नकोय, सासूचा हात वाचवायचाय. मी काम घेतलं.

पेन ड्राइव्हमध्ये पाटीची ओपन फाइल नव्हती. ती असती तर ओळ पुसायची, नंबर आपोआप सरकले असते, आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पाटी ज्यानं केली तो पोरगा दुकान विकून निघून गेला होता आणि त्यानं दिली होती फक्त जेपीजी, म्हणजे सगळी अक्षरं चित्रात रुतलेली. नशीब एवढंच की चित्र मोठं होतं, छापायला चालण्यासारखं.

आधी मी सरळ बुद्धीनं गेले. चार नंबरची ओळ पुसली आणि खालचा सगळा ठोकळा वर सरकवला. पण पाटीची पिवळी जमीन वरून खाली गडद होत गेली होती, त्यामुळे सरकवलेला भाग साडीला लावलेल्या ठिगळासारखा दिसायला लागला. शिवाय नंबर झाले एक, दोन, तीन, पाच. मी पाचाच्या जागी नवा चार टाइप करून पाहिला. त्याचं शेपूट इतकं वेगळं की तो दुसऱ्या गावाहून आलेला वाटत होता.

मग सगळं मागे घेतलं आणि नीट विचार केला. अक्षरं लाल होती, तो रंग निवडून फक्त तीच पिवळ्या जमिनीवरून उचलली, जमीन जागच्या जागी ठेवली आणि अक्षरांखालची भोकं शेजारच्या रंगानं भरून घेतली. नंबर बदलायचेच नाहीत, असं ठरवलं. एक ते आठ हे आकडे चित्रात होतेच, त्याच हातचे. नंबर आहेत तिथे राहू द्यायचे, पदार्थ आणि त्यांचे भाव एकेक घर वर चढवायचे, आणि शेवटचा नऊ पुसून टाकायचा. मिसळ चारवर, कचोरी पाचवर, मूगवडा सहावर, साबुदाणा वडा सातवर, चहा आठवर.

इथं मिसळ आडवी आली. बाकी सगळे पदार्थ एका ओळीत, मिसळीखाली मात्र बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती: “तर्री दोनदाच मिळेल.” ती मिसळीबरोबर वर चढली आणि पाच नंबरच्या कचोरीच्या डोक्यावर जाऊन बसली. म्हणजे आकडेही हलवणं भाग होतं. मी प्रत्येक आकडा आपापल्या पदार्थाशी बांधून घेतला, पोहे वर होते तिथेच ठेवले, चहा सगळ्यात खाली नेला आणि मधल्यांना समान अंतर द्यायला सांगितलं. कॉम्प्युटरनं दिलंही, पण एका पदार्थाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचं. मिसळीला दोन ओळी, त्यामुळे तिच्याखालची मोकळी जागा चिमूटभर उरली. डोळ्यांना अंतर दिसतं ते एकाच्या पायापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचं. तसं सांगितलं तेव्हा सगळे पदार्थ पंगतीला बसल्यासारखे आटोपशीर बसले.

प्रिंटला टाकणार तेवढ्यात तळाची सूचना वाचली. “क्र. १ ते ४ फक्त दुपारपर्यंत.” तशीच राहिली असती तर बिचाऱ्या मिसळीलाही दुपारनंतर सुट्टी मिळाली असती. वरचा तीन उचलला, लहान करून सूचनेतल्या चाराच्या जागी बसवला. जुनी पाटी उतरली, नवी चढली. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहून आले. कुठेही काही काढल्याची खूण नव्हती. मला फार बरं वाटलं, खरं सांगते. कोणी कौतुक केलं नाही, पण ते मी धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी नुसता गोंधळ. नागपूरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं पाच मागितले, सुनेनं पाटीकडे पाहून कचोरी दिली. तो म्हणाला, मी वर्षानुवर्षं पाच म्हणजे मिसळ खातोय. त्याच्या शेजारच्या शिक्षकानं पाटी वाचून नव्या हिशेबानं पाच मागितले, त्याला सुनेनं घाबरून मिसळ दिली. आणि चहाचं तर विचारूच नका.

“नऊ द्या.”

“नऊ नाई आता, आठ हाय.”

“आठ कप कोनाले पायजे? एक नऊ द्या.”

मी दुकानात बसून ऐकत होते आणि हसू दाबत होते. अशा पाटीत चूक निघते म्हणजे काय, याचा थोडा रागही आला होता. पाटी बरोबरच होती. लोकांची तोंडं जुनी होती.

आठवड्याभरात सासू आंजीहून परतली. बसमधून उतरली ती पिशवी घेऊन तडक हॉटेलसमोर. मी नऊ प्यायला तिथेच बाकावर होते. ती पाटीपुढे उभी राहिली. वरून खाली वाचलं, मग खालून वर. सून कढईत नको तितका झारा फिरवत राहिली.

“माही वडी कुठी गेली वं?” तिनं विचारलं. मग डावा हात वर करून तीन आणि चार नंबरच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. “जागा बी नाई ठेवली. जशी कधी नव्हतीच.”

माझ्या आयुष्यात त्या अंतराकडे इतकं निरखून पाहणारं पहिलं माणूस भेटलं होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, “मावशी, आल्या का? पाच अन् नऊ!”

सून पाटीकडे पाहायला लागली. सासूनं मागे वळूनही पाहिलं नाही. “मिसळ दे त्याले, अन् चहा. साखर कमी.” मग एक अनोळखी बाई आली, पाटी वाचून म्हणाली, पाच. “हे नवीन हाय. कचोरी दे.” कोणाचा पाच जुना आणि कोणाचा नवा, हे तिला चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली. दुपारपर्यंत ती उठली नाही, आणि त्या दिवशी एकही बशी परत आली नाही.

आता ती रोज त्या स्टुलावर असते. कढईकडे जात नाही, कारण नंबर सांगण्यातून सवडच होत नाही. तोंडाचा पट्टा मात्र पूर्ववत चालू आहे.

मला मात्र चैन पडेना. एकदा ती माझ्याकडे टेकायला आली तेव्हा मी स्वतःच म्हटलं, “मावशी, पाटी परत जुन्यासारखी करून देते. चार नंबरवर दुसरं काहीतरी टाकू, बाकीचे आपापल्या नंबरवर जातील. लोकांचा घोळ मिटेल. पैसे नको.”

तिनं दुखऱ्या मनगटावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच अडाणी.

“घोळ मिटला का घरचे मले घरीच बसवतात ना वं. राहू दे तशीच.”

“पण हळूहळू सगळ्यांना नवे नंबर पाठ होतीलच की.”

“होऊ दे,” ती म्हणाली. “मंग तू आनखीन एक काढून टाकजो.”