हळदीच्या दुधाचा हिशेब आईंनी मांडला तेव्हा

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे अर्क काढणारी एक छोटी कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं काढली. राहायला पेणला, सासरी. सकाळच्या गाडीने रोहा गाठायचं आणि संध्याकाळी परत यायचं. माझं बहुतेक काम हळदीचं. आलेल्या पोत्यातून नमुना घ्यायचा आणि त्यात कर्क्युमिन किती आहे ते तपासायचं. हळदीला पिवळा रंग देणारा आणि तिचे बरेचसे गुण ज्याच्या नावावर जमा होतात तो हा पदार्थ. घरी आले की माझ्या नखांकडे बघून सासूबाई म्हणायच्या, "आज पुन्हा हळद लागली वाटतं तुला."

सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मी त्यांना आई म्हणत असे. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांची बोटं सकाळी आखडायला लागली. आधी त्यांनी दुर्लक्ष केलं, मग दोन्ही मनगटं सुजली. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात असल्याचं सांगितलं आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू केली. "हिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात," ते म्हणाले, "आणि अधूनमधून रक्त तपासत राहावं लागेल, कारण यकृतावर लक्ष ठेवायला हवं." आईंच्या मनात त्यातला यकृत हा एकच शब्द राहिला. त्या गोळी घ्यायच्या, पण नाइलाजाने.

हळदीचं दूध मात्र त्या आवडीने घेत. साय काढलेल्या दुधात पाव चमचा हळद आणि थोडा गूळ.

१९९८ साल संपत आलं होतं. कंपनीच्या वाचनालयात आलेल्या एका नियतकालिकात मी मिऱ्यांविषयी वाचलं. कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर रक्तात जवळजवळ सापडतच नाही. ते पाण्यात विरघळत नाही. आतड्यातून जे थोडं आत शिरतं, त्यालाही आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरं रूप देऊन बाहेर काढतात. मिऱ्यातला तिखट पदार्थ ही मोडतोड मंदावतो, म्हणून मिऱ्याच्या अर्काबरोबर दिलेलं कर्क्युमिन रक्तात कित्येक पट जास्त दिसलं होतं. मी ते एका दमात वाचलं. रोज जी गोष्ट काचेच्या नळीत मोजत होते, तिची पोटात गेल्यावरची वाट पहिल्यांदाच कळत होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी चपलासुद्धा नीट काढल्या नसतील.

"आई, तुमच्या दुधात चूक आहे. साय काढू नका. कर्क्युमिन स्निग्ध पदार्थात विरघळतं. आणि दोन मिरी ताजी कुटून घाला."

"मिरी? दुधात?"

मी त्यांना प्रयोगच करून दाखवला. दोन वाट्या घेतल्या, एकीत कोमट पाणी, दुसरीत पातळ केलेलं तूप, आणि दोन्हींत चिमूटभर हळद. पाणी ढवळलं की पिवळं दिसायचं, पण थोडा वेळ ठेवलं की हळद तळाशी बसायची. तूप मात्र वरपर्यंत केशरी-पिवळं होऊन राहिलं. आई चष्मा लावून बघत होत्या. शिक्षिकेला प्रयोग पटला की तिचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं.

"म्हणजे इतके दिवस माझी हळद तळाशीच बसत होती म्हण की!"

"तसंच काहीसं," मी म्हणाले. आणि उत्साहाच्या भरात पुढे जोडलं, "मिऱ्याने तर ती कित्येक पटीने रक्तात जाते."

दुसऱ्या दिवसापासून दूध सायीसकट आणि मिरी घालून होऊ लागलं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोघीतिघी पद्धत विचारून गेल्या. आई त्यांना सांगत, "आमच्या सूनबाईंच्या प्रयोगशाळेतलं आहे हे." मला ते ऐकायला आवडायचं, हे कबूल करायला हवं.

दोनेक महिन्यांनी कंपनीतल्या विक्री अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. हळद आणि मिरी एकत्र करून दुधात घालायच्या पुड्या काढायच्या असं त्यांच्या मनात होतं. पुडीबरोबर द्यायचं मराठी पत्रक मी लिहावं, असं ते म्हणाले. "सांधेदुखी बरी करते, हे वाक्य ठळक हवं," त्यांनी सांगितलं. त्यांनी दिलेला मुद्द्यांचा कागद मी पिशवीत घातला आणि रविवारी लिहू म्हणून ठेवून दिला.

तो रविवार येण्याआधीच्या गुरुवारी, मी गाडीसाठी निघत असताना आईंनी आतून हाक मारली. त्या पलंगावर बसल्या होत्या. पोलक्याची बटणं उघडीच होती. "अगं, लावून देतेस का? बोटं वळत नाहीयेत." त्यांच्या बोटांचे सांधे लाल होऊन फुगले होते. मी बटणं लावू लागले, तेव्हा त्यांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. चाळीस वर्षं पोरांच्या शर्टांची बटणं लावून दिलेली बाई. शेवटचं बटण लावून मी विचारलं,

"गोळी घेताय ना?"

त्यांनी फळीकडे पाहिलं. मी फळीवरचा औषधांचा डबा काढला. गोळ्यांची पट्टी जवळजवळ भरलेली होती.

"दोन महिने झाले बंद करून," त्या म्हणाल्या. "दूध घेतेय ना रोज. तूच म्हणालीस, कित्येक पटीने रक्तात जातं. मग यकृताला त्रास देणारी गोळी कशाला, असं वाटलं."

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. रिक्षाने आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटं तपासली, गोळी बंद केल्याचं ऐकलं आणि आवाज न चढवता विचारलं, "दुधात किती हळद घालता?"

"पाव चमचा. आणि दोन मिरी."

"दूध प्या, त्याला माझी हरकत नाही. पण हा आजार सांधा आतून झिजवतो. ती झीज दुधाने थांबते असं अजून कोणी दाखवलेलं नाही. गोळी थांबवते. आणि बाजारातल्या अर्काच्या कॅप्सूल मला विचारल्याशिवाय घेऊ नका. मिऱ्याचा अर्क हळदीला शोषायला मदत करतो, तसा काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो. स्वयंपाकातल्या दोन मिऱ्यांची काळजी नको."

मी आईंच्या शेजारी बसून खाली बघत होते. हे सगळं मलाही सांगता आलं असतं. तो लेख मी वाचला होता, शिक्षण माझ्याकडे होतं.

घरी आल्यावर मी माफी मागितली. आई म्हणाल्या, "माफी राहू दे. तू मला अर्धाच धडा शिकवलास. उरलेला शिकव. पाव चमचा म्हणजे किती ग्रॅम?"

"साधारण पाऊण."

"आणि त्यात तुझं ते कर्क्युमिन?"

"आमच्याकडे येणाऱ्या हळदीत शेकडा तीनच्या आसपास."

त्यांना पेन्सिल धरवत नव्हती, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. पाऊण ग्रॅमचे शेकडा तीन, म्हणजे बावीस-तेवीस मिलिग्रॅम. "आणि त्या लेखातल्या माणसांना किती दिलं होतं?"

"दोन ग्रॅम. निव्वळ कर्क्युमिन."

आई तोंडी हिशेबात पक्क्या होत्या. "म्हणजे जवळजवळ नव्वद पेले दूध! एका वेळी." त्यांनी मला तो आकडा लिहायला लावला. "आणि ती माणसं आजारी होती?"

"नाही. निरोगी होती, मोजकीच. रक्तात किती जातं, एवढंच त्यांनी बघितलं."

"सांधा बरा होतो का, ते नाही बघितलं?"

"त्या लेखात नाही."

"मग कित्येक पट म्हणजे कशाच्या कित्येक पट गं? मुळात जे जवळजवळ सापडतच नव्हतं, त्याच्या!"

प्रयोगशाळेत सहा जण होतो, पण हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता.

रविवारी मी पत्रक लिहायला बसले तेव्हा आईही समोर येऊन बसल्या. सांधेदुखी बरी करते, हे अधिकाऱ्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि त्यांनीच खोडायला सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून जे लिहिलं ते असं होतं: हळदीतला काही भाग स्निग्ध पदार्थांत विरघळतो, म्हणून दूध सायीचं घ्यावं. मिऱ्याने शोषण वाढतं. हे दूध अन्न आहे, औषध नाही. चालू असलेलं औषध बंद करू नये.

विक्री अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, हे वाचून पुडी कोण घेईल?"

"हळदीचं दूध आवडणारे घेतील."

"बरी करते, एवढे दोनच शब्द घाला."

"माझ्या घरात एकीने ते दोन शब्द खरे मानले होते, साहेब."

ते रागावले नाहीत. त्यांनी पत्रक दुसऱ्याकडून लिहून घेतलं. पुड्या निघाल्या, वर्षभर काही दुकानांत दिसल्या आणि मग बंद झाल्या. त्या कशाने बंद झाल्या ते मला ठाऊक नाही. माझ्या प्रामाणिकपणामुळे नक्कीच नाही. मी नोकरी सोडली नाही, पुढेही हळद तपासत राहिले. पण पत्रकं लिहायला मला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

आईंची बोटं सावरायला चार महिने गेले. डाव्या हाताची करंगळी थोडी वाकडी झाली ती झालीच. ते दोन महिने गोळी चालू असती तर ती वाचली असती का, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांनी मला दिलासा म्हणून काही खोटं सांगितलं नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि नंतर बरं वाटलं.

उन्हाळ्यात आम्ही पेणजवळच्या गडब गावी एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर आईंच्या ओळखीची, भातशेती करणारी एक बाई गुडघा चोळत शेजारी येऊन बसली. "बाई, तुमी ती हलद नि मिरी घालून दूध पिता ना? मना बी सांगा. गोली बंद केली तं चालंल?"

मी तोंड उघडणार होते, पण आईंनी हात वर केला.

"गोळी कसली गो, दाखव बघू."

तिने पदराची गाठ सोडून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या काढल्या. आईंनी त्या निरखून पाहिल्या. "ह्या कसल्या ते मला नाय कळत. डॉक्टरला विचारल्याबिगर बंद करू नको. दूध पी खुशाल. अंगात ऊब येते, पोटाला बरं वाटतं."

"मंग गुडघा बरा व्हईल?"

"ते मला ठाऊक नाय," आई म्हणाल्या.

त्या बाईच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. तिला याहून मोठं काहीतरी हवं होतं, आणि ते देणं फार सोपं होतं. आईंनी ते दिलं नाही. त्यांनी फक्त तिचा हात आपल्या हातात घेतला आणि कुठल्या डॉक्टरांकडे जाते, गुडघा कधीपासून दुखतो, भाताच्या लावणीत किती वेळ वाकावं लागतं, असं एकेक विचारत राहिल्या. मांडवातली गर्दी ओसरेपर्यंत त्या दोघी तशाच बोलत बसल्या होत्या.