गादीखालचं लोणच्याचं पुस्तक

मी चौथीत शाळा सोडली, पण वाचणं सोडलं नाही. श्रीगोंद्याच्या बाजारात रद्दीवाल्यापाशी बसून पुस्तकं निवडली, साखर कारखान्यावर वॉचमन होतो तेव्हा गेटवर वाचली, आणि घरची एक खोली भरून टाकली. गावात एवढी पुस्तकं कुणाकडे नाहीत. सरपंचाकडे तर कॅलेंडरसुद्धा पतसंस्थेनं दिलेलं.

घरात मात्र बायकोचा त्या खोलीवर डोळा. शेतातल्या कांद्याच्या चाळीत कांदा मावेना, म्हणून तिला खोली हवी होती. त्यात एकदा तिची शेळी पोट फुगून पडली आणि शेळीचं पुस्तक मला दिवसभर सापडलं नाही. शेळी आपली आपण बरी झाली. बायको झाली नाही.

"जे घावत न्हाई ते पुस्तक नव्हं, अडगळ हाय," ती म्हणाली. "दिवाळीला मी एक नाव सांगंन. चहाला उकळी यायच्या आत हातात द्या. न्हाई दिलं तर खोली कांद्याची."

मी हो म्हणून बसलो.

सून तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. तिनं पुठ्ठ्याची कार्डं आणून दिली. "मामा, एका पुस्तकाची दोन कार्डं. एक लेखकाच्या आडनावानं लावायचं, एक विषयानं. दोन्हीवर कपाट आणि कप्पा लिहायचा, तीच जागा चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायची. कुणालाही सापडलं पाहिजे."

विषय मी आधीच पाडले होते: पटलेली, न पटलेली, झोप आणणारी. सुनेनं ते वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मग शेती, जनावरं, औषधपाणी, रांधप, देवाधर्माची, गोष्टींची असे विषय ठरले. झोप आणणारी कुठली ते मी मनात ठेवलं.

"आणि मामा, प्रत्येक कप्प्यात थोडी जागा मोकळी सोडा. नवं पुस्तक आलं की लागते."

इथं मी ऐकलं नाही. उसाची ट्रॉली कधी कुणी मोकळी भरतं का? मी गुडघा लावून पुस्तकं अशी ठासली की मधून सुई जाईना. सगळी कार्डं लिहून झाली तेव्हा मी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचो, बोल, कोणतं पाहिजे. लोकांना पाणी पाहिजे असायचं.

दिवाळीच्या तोंडावर व्याही आले आणि त्यांनी मला पुस्तक भेट दिलं. शेळ्यांचंच. जनावरांच्या कप्प्यात ते घालायला एक पुस्तक काढावं लागलं. ते खालच्या कप्प्यात घातलं, तिथलं एक निघालं. तसं ढकलत ढकलत मी शेवटच्या कपाटापर्यंत गेलो. दर वेळी कार्डं खोडली, नवी जागा लिहिली. शेवटी लोणच्यांचं पुस्तक हातात उरलं आणि कप्पे संपले. सुनेनं सांगितलेलं होतं, पुस्तक हललं की कार्ड हललं पाहिजे. मी पुस्तक गादीखाली सारलं आणि दोन्ही कार्डांवर लिहिलं: गादी, उशाकडची बाजू.

पाडव्याला बायकोनं चहा ठेवला. "लोणच्यांचं," ती म्हणाली, आणि हसली. मी समजलो, गादी झटकताना हिनं पाहिलं.

मी घाई केली नाही. विषयाच्या कार्डांत रांधप काढलं, वाचलं, ताठ मानेनं पलंगापाशी गेलो, गादी उचलली. खाली काही नव्हतं. पायाकडूनही उचलली. तिकडे चहा वर आला.

"कुठंय?"

"पिठाच्या डब्यावर," बायको म्हणाली. "काल गादीला ऊन दाखवताना म्याच काढलं. कांदा कधी टाकायचा?"

मी म्हणालो, हा डाव नाही. ती म्हणाली, घावलं का न्हाई तेवढं बोला. शेवटी सुनेला पंच केलं.

सून चहा गाळत म्हणाली, "आत्या, ज्यानं पुस्तक हलवलं त्यानं कार्डावर लिहायचं. चूक तुमची. आणि मामा, गादी हा कप्पा नसतो. जागा सोडली असती तर ही वेळ आली नसती. चूक तुमचीबी. खोली पुस्तकांची, पण प्रत्येक कप्प्यात वीतभर जागा आजच मोकळी करायची."

झोप आणणारी पुस्तकं मी त्याच दिवशी खोक्यात भरून वाचनालयाला दिली. कप्प्यांत वीतभर जागा झाली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्या प्रत्येक जागेत बायकोनं लसणाच्या जुड्या उभ्या केलेल्या.

मी दोन कार्डं घेतली आणि लिहिलं. लेखक: घरची मंडळी. विषय: रांधप. जागा: सगळी कपाटं. आता ती फोडणीला जुडी नेते तेव्हा मी दारातल्या खुर्चीवरून कार्ड पुढे करतो, आणि तिला त्यावर खूण करावीच लागते.